फोन अनोळखी लिपीत गेला तर: अक्षरं न वाचता परत कसं यायचं

रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. "अरे, माझा फोन उर्दूत बोलायला लागलाय. सगळी अक्षरं उलटी." फोन बिघडला नव्हता. तिला टाइप करण्यासाठी मराठी अक्षरं हवी होती, म्हणून ती सेटिंग्जमध्ये शिरली. तिथे भाषांची लांबलचक यादी उघडली, आणि ती सरकवताना बोट भलत्याच ओळीवर टेकलं. मग एक छोटी चौकट आली, त्यात दोन बटणं होती. "मी उजवीकडचं दाबलं. आपण नेहमी तेच दाबतो की." झालं, फोन अरबीत गेला.

तिचा फोन तिच्या हातात, माझा माझ्या हातात, आणि मधे फक्त आवाज. वीस मिनिटं लागली, पण त्यातली पंधरा माझ्याच एका चुकीने गेली. ती चूक पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट सांगतो. भाषा बदलली की शब्द बदलतात, पण खुणांची चित्रं बदलत नाहीत आणि सेटिंग्जमधल्या ओळींचा वरून खालचा क्रम बदलत नाही. चक्र चक्रच राहतं, आणि खालून पाचवी ओळ खालून पाचवीच राहते. सगळी वाट या दोन गोष्टींच्या आधाराने काढायची असते.

आधी बघा, नेमकं काय बदललंय

तीन वेगळ्या गोष्टींना लोक 'भाषा बदलली' असंच म्हणतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

टाइप करतानाच फक्त अनोळखी अक्षरं उमटत असतील आणि बाकी फोन नीट वाचता येत असेल, तर कीबोर्ड बदललाय. कीबोर्डच्या खालच्या ओळीत पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबा, पुढची भाषा येईल. ते नसेल तर स्पेसची लांब पट्टी दाबून धरा. बहुतेक कीबोर्डवर तिथून भाषांची यादी उघडते.

एकच अॅप परक्या भाषेत असेल आणि बाकीची नीट असतील, तर ती त्या अॅपची स्वतःची भाषा आहे. तिचा उपाय शेवटी दिला आहे.

लॉक स्क्रीनवरचा वार आणि महिना, सेटिंग्ज, सूचना, सगळंच बदललं असेल तर अख्ख्या फोनची भाषा बदलली आहे. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

एक सावधगिरी. तुमचा लॉक अक्षरांच्या पासवर्डचा असेल तर काम होईपर्यंत फोन बंद करून चालू करू नका. फोनच्या भाषेबरोबर कीबोर्डही बदललेला असू शकतो, आणि मग दाराबाहेरच अडकायला होतं. आकड्यांचा पिन किंवा नक्षी असेल तर काळजी नाही. आकडे वेगळ्या वळणाचे दिसले तरी त्यांच्या जागा त्याच असतात.

सेटिंग्जपर्यंत पोचणं

अॅपच्या यादीत सेटिंग्ज शोधायला जाऊ नका. ती यादी बऱ्याच फोनवर अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते, आणि भाषा बदलली की तो क्रमही बदलतो. नेहमीच्या जागी नेहमीचं अॅप सापडत नाही आणि माणूस आणखी गोंधळतो. त्यापेक्षा स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, आणि पुन्हा एकदा ओढा. वायफाय, ब्लूटूथ, टॉर्च यांची बटणं पूर्ण उघडतात, आणि त्याच पडद्याच्या एका कोपऱ्यात दातेरी चक्र असतं. सॅमसंगमध्ये ते वरच्या कोपऱ्यात असतं, साध्या अँड्रॉइडच्या, म्हणजे पिक्सेलसारख्या फोनच्या, अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये खालच्या कोपऱ्यात. आयफोनमध्ये मात्र होम स्क्रीनवरच्या करड्या चक्राच्या चिन्हावरच टेकायचं.

माझी चूक इथेच झाली. मी मावशीला म्हटलं, "उजवीकडे वर बघ, चक्र दिसतंय का?" ती म्हणाली, "नाही रे, तिथे घड्याळ आहे." मी म्हटलं, "असेल, नीट बघ." असं तीन-चारदा झालं. शेवटी वैतागून तीच म्हणाली, "डावीकडे आहे एक चक्र, ते चालेल का?"

अरबी, उर्दू, फारसी आणि हिब्रू या उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा आहेत. फोन या भाषांत गेला की नुसतं लिखाण नाही, सगळी मांडणीच आरशात पाहिल्यासारखी पलटते. ओळीच्या सुरुवातीची चिन्हं उजव्या कडेला जातात, चालू-बंदची बटणं डावीकडे येतात, आणि मागे जायचा बाण उजव्या कोपऱ्यात जाऊन उजवीकडे तोंड करतो. त्यामुळे इथून पुढे मी 'उजवीकडे' म्हणेन तिथे अशा फोनवर 'डावीकडे' समजा. वर-खाली मात्र काहीच बदलत नाही. म्हणून फोनवरून कोणाला वाट सांगायची असेल तर डावं-उजवं बोलूच नका, वरून कितवी किंवा खालून कितवी ओळ तेवढंच सांगा. मी हे आधी केलं असतं तर मावशी लवकर झोपली असती.

थाई, कोरियन, जपानी, रशियन, जॉर्जियन, तमिळ या भाषांत मांडणी पलटत नाही. तिथे फक्त अक्षरं अनोळखी असतात.

भाषेचं पान कुठे असतं

सेटिंग्ज उघडल्यावर थेट तळापर्यंत जा, आणि मोजणी खालून वर करा. वरच्या भागात खात्याचं नाव, एखादी सूचना, अपडेटची आठवण अशा येणाऱ्या-जाणाऱ्या ओळी असतात, म्हणून वरून मोजणं फसवं ठरतं. तळाचा भाग त्या मानाने स्थिर असतो.

सॅमसंगमध्ये तळाकडून वर येताना हात-पाय पसरलेल्या माणसाची छोटी आकृती शोधा. ती सुलभतेच्या सोयींची खूण आहे. तिच्या लगेच वरच्या ओळीला तीन आडव्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर एक गोळी असं चिन्ह असतं, ध्वनियंत्राच्या सरकपट्ट्यांसारखं. ती ओळ उघडा. आत सगळ्यात पहिली ओळ भाषेची असते.

साध्या अँड्रॉइडमध्ये तळाशी वर्तुळातला इंग्रजी i शोधायचा. ती सिस्टिमची ओळ. गोंधळ असा, की जवळच फोनच्या माहितीचीही ओळ असते आणि तिच्या चिन्हातही i सापडू शकतो. चुकलात तर लगेच कळतं, कारण माहितीच्या पानावर फोनचं मॉडेल आणि लांबच लांब आकडे दिसतात. तसं दिसलं तर मागे या आणि दुसरी ओळ उघडा. सिस्टिमच्या पानावर भाषेची ओळ वरच असते, शेजारी पृथ्वीचा गोळा. अँड्रॉइड 13 पासून या ओळीच्या आत आणखी दोन ओळी येतात, पहिली अख्ख्या फोनच्या भाषेची आणि दुसरी अॅपच्या भाषांची. आपल्याला पहिली हवी.

आयफोनमध्ये सेटिंग्जच्या पहिल्या पानावर पुन्हा एक करडं चक्र दिसतं. ती जनरलची ओळ. तिच्या आत, यादीच्या मधल्या भागात, तारीख-वेळ आणि कीबोर्ड यांच्या आसपास भाषा आणि प्रदेशाची ओळ असते.

बाकीच्या कंपन्यांचे अनेक फोन ही ओळ 'अतिरिक्त सेटिंग्ज' किंवा 'सिस्टिम सेटिंग्ज' अशा नावाच्या एका जादा खणात ठेवतात, आणि तो खणही सहसा यादीच्या खालच्या अर्ध्यात असतो. इथे सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मॉडेलचा, दुसरा फोन शेजारी ठेवणं. त्यावर एकेक पाऊल टाकायचं, ओळ खालून कितवी ते मोजायचं आणि आपल्या फोनवर तितक्याव्या ओळीवर टेकायचं. दुसरा फोन लांब असेल तर तिथून प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट मागवा. मात्र दोघांच्या फोनमधली अँड्रॉइडची आवृत्ती जवळपासची असू द्या. दोन आवृत्त्यांत एखादी ओळ इकडची तिकडे झालेली असते, आणि मग एका ओळीचा फरक पडतो.

शोधताना आणखी एक खूण उपयोगी पडते. भाषेच्या ओळीजवळ कुठे कुठे इंग्रजी A आणि त्याला खेटून एक चिनी अक्षर, असं जोडचिन्ह असतं. ते भाषांतराचं चिन्ह आहे, आणि ते दिसलं की आपण जवळ आलोय असं समजायला हरकत नाही.

सेटिंग्जच्या वर भिंगाचं चिन्ह असतं. तिथे 'language' टाइप करून बघायचा मोह होतो. पण ती शोधपेटी मुख्यतः फोनच्या सध्याच्या भाषेतल्या शब्दांत शोधते, त्यामुळे इंग्रजी शब्दाला हाती काही लागेलच असं नाही. एकदा करून बघा, पण त्यावर वेळ घालवू नका.

इथे हात आखडता घ्या

सॅमसंगमध्ये भाषेची ओळ ज्या पानावर सगळ्यात वर असते, त्याच पानाच्या तळाशी रीसेट असतं. साध्या अँड्रॉइडच्या सिस्टिमच्या पानावर आणि आयफोनच्या जनरलमध्येही तेच शेजार आहे. म्हणजे भाषा शोधणारा माणूस न वाचता येणाऱ्या अक्षरांत, फोन पुसून टाकणाऱ्या ओळीपासून चार बोटांवर वावरत असतो.

म्हणून या पानांवर गोल फिरणारा बाण, कचऱ्याची पेटी किंवा लाल अक्षरं असलेल्या ओळीवर टेकू नका, चुकून उघडलीच तर मागे या. फोन मध्येच पिन किंवा पासवर्ड मागायला लागला तर तो अजिबात देऊ नका. भाषा बदलायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

योग्य पान ओळखायचं कसं

हे पान ओळखायला काहीच वाचावं लागत नाही. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं. फोन अरबीत असो की थाईत, तिथे English असंच लिहिलेलं असतं आणि मराठी असंच. एका खाली एक वेगवेगळ्या लिप्या दिसल्या की पोचलात. तुम्ही उघडलेल्या पानावर सगळ्याच ओळी एकाच अनोळखी लिपीत असतील तर ते पान आपलं नाही, मागे जा.

आता पुढचा भाग. आधीची भाषा बहुतेक वेळा अजूनही यादीत असते, फक्त ती पहिल्या नंबरावरून दुसऱ्यावर गेलेली असते. फोन एकाऐवजी अनेक भाषा क्रमाने लक्षात ठेवतो, आणि पहिल्या नंबरावर जी असेल तिच्यात बोलतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय 7.0 पासून, म्हणजे 2016 पासून आहे. तेव्हा काम एवढंच, की आपल्या ओळखीची भाषा पुन्हा पहिली करायची.

सॅमसंगमध्ये त्या ओळीवर टेकायचं. ती निवडली गेली की तळाशी एक बटण येतं, ते दाबायचं. साध्या अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ओळीच्या टोकाला छोट्या आडव्या रेषांची मूठ असते. ती दाबून धरा, ओळ उचलली गेल्यासारखी वाटते, मग तशीच ओढून सगळ्यात वर सोडा. आयफोनमध्येही ओळींची यादी अशीच ओढून वर-खाली करता येते.

आपली भाषा यादीत नसेलच तर अधिकच्या चिन्हाची ओळ दाबा. मोठी यादी उघडेल. वरच्या भागात फोन स्वतःहून काही भाषा सुचवतो, त्यात सिमकार्डाच्या देशातल्या भाषा येतात, म्हणून आधी तिथे बघा. खालच्या यादीत साधारणपणे इंग्रजी वळणाच्या लिप्या आधी, मग ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी, त्यानंतर देवनागरी आणि आपल्याकडच्या इतर लिप्या, आणि कोरियन, जपानी, चिनी शेवटाकडे येतात. म्हणजे अरबी अक्षरं संपताना दिसली की वेग कमी करा, मराठी आणि हिंदी पुढेच आहेत. या यादीवर भिंगाचं चिन्ह असेल तर मात्र त्याचा खरा उपयोग आहे. इथला शोध भाषेचं तिच्या लिपीतलं नावही ओळखतो, म्हणून English टाइप केलं तरी सापडतं, आणि देवनागरी कीबोर्ड असेल तर मराठी टाइप केलं तरी.

मग ती दोन बटणांची चौकट येते, जिने मावशीला फसवलं होतं. तिचा अर्थ असा असतो: नवी भाषा मुख्य करायची, की सध्याचीच ठेवायची? डावीकडून उजवीकडच्या भाषांत 'करायची' हे बटण सहसा उजवीकडे असतं. फोन अरबी किंवा उर्दूत असेल तर ते डावीकडे जातं. म्हणजे आत जाताना मावशीने उजवं बटण दाबलं, आणि बाहेर पडताना अशी चौकट आली असती तर तिला डावं दाबावं लागलं असतं. चुकीचं बटण दाबलं तरी बिघडत नाही. भाषा यादीत दुसऱ्या नंबरावर जाऊन बसते, तिथून तिला वर आणता येतं.

मावशीच्या बाबतीत चौकटीची वेळच आली नाही. तिच्या यादीत दोनच ओळी होत्या.

"पहिली ओळ वाचता येत नाही," ती म्हणाली. "दुसरी इंग्लिश आहे."

"दुसरीवर टेक."

"टेकलं. खाली निळं बटण आलं."

"दाब."

दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग, "अरे, आलं की रे!"

फोन कॉम्प्युटरला जोडता येत असेल तर

हा उपाय मोजक्याच लोकांसाठी आहे. अँड्रॉइड फोनवर यूएसबी डीबगिंग आधीपासून चालू असेल आणि त्या कॉम्प्युटरला परवानगी दिलेली असेल, तर एका आज्ञेने थेट भाषेचं पान उघडतं:

```
adb shell am start -a android.settings.LOCALE_SETTINGS
```

डीबगिंग चालू नसेल तर ते परक्या लिपीत चालू करण्यापेक्षा चक्र शोधणं कितीतरी सोपं आहे.

परत आल्यावर राहिलेलं काम

फोन वाचता यायला लागला की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि चार दिवसांनी तक्रार येते की एखादं अॅप अजून अरबीतच उघडतं. याचं कारण त्याच यादीत आहे. समजा तुम्ही मराठी पहिली ठेवली आणि अरबी दुसरी राहिली. एखाद्या अॅपला मराठी येत नसेल तर ते तुमच्या यादीतली पुढची भाषा बघतं. ती अरबी, आणि अरबी त्याला येते, म्हणून ते बिनदिक्कत अरबीत उघडतं. त्याच्या दृष्टीने त्याने तुमचंच ऐकलेलं असतं.

तेव्हा नको असलेली भाषा यादीतून काढून टाका. आता अक्षरं वाचता येत असल्याने हे सोपं आहे. साध्या अँड्रॉइडमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत काढून टाकण्याचा पर्याय असतो. तो दाबून त्या भाषेपुढे खूण करायची आणि मग कचऱ्याच्या पेटीचं चिन्ह दाबायचं. बाकी फोनवरही याच पानावर संपादन किंवा काढण्याचं बटण असतं. मुख्य भाषा मराठी ठेवणार असाल तर दुसऱ्या नंबरावर इंग्रजी किंवा तुम्हाला वाचता येणारी दुसरी भाषा मुद्दाम ठेवा, म्हणजे मराठी न येणारी अॅप्स तिकडे वळतील.

एवढं करूनही एकच अॅप हट्टाने परक्या भाषेत राहिलं, तर त्याला वेगळी भाषा नेमून दिलेली असू शकते. अँड्रॉइड 13 किंवा पुढच्या फोनवर त्या अॅपचं चिन्ह दाबून धरा, वर्तुळातला i दाबा, आणि उघडलेल्या पानावर भाषेची ओळ दिसली तर तिथे फोनचीच भाषा वापरायचा पर्याय निवडा. आयफोनवर सेटिंग्जच्या अॅपच्या यादीत त्या अॅपचं पान उघडलं की तिथे भाषेची ओळ असते. ही ओळ दोन्हीकडे प्रत्येक अॅपला नसते. ती नसेल तर भाषा अॅपच्या आतल्या सेटिंग्जमध्ये असते, आणि तिथली यादीही बहुधा प्रत्येक भाषा तिच्याच लिपीत दाखवते.

मावशीला मुळात जे हवं होतं ते मात्र भाषेच्या त्या यादीत नव्हतंच. टाइप करायची मराठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जोडायची असते, फोनची भाषा न बदलता. दुसऱ्या दिवशी ते केलं. आता तिच्या स्पेसच्या पट्टीवर मराठी असं लिहून येतं, आणि मला रात्री साडेनऊला येणारे मेसेज देवनागरीत असतात.